लांब स्ट्रोकच्या हायड्रॉलिक सिलिंडरचा रॉड कधी बाकतो: माउंटिंग बदलून तोच सिलिंडर तपासताना

कुर्ला, साकीनाका आणि धारावीच्या पट्ट्यात भंगार पुठ्ठा व प्लास्टिक दाबून गाठी बांधणारी आडवी यंत्रे बरीच दिसतात. त्यांतील सिलिंडर निवडताना पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘किती टन’ एवढाच असतो, आणि त्याचे उत्तर बोअरचे क्षेत्रफळ व दाब यांच्या गुणाकारातून लगेच मिळते. मात्र स्ट्रोक एक मीटरच्या पुढे गेला की पिस्टन किती जोर लावू शकतो यापेक्षा बाहेर आलेला रॉड तो जोर बाक न येता किती पेलू शकतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रॉडच्या व्यासाइतकेच सिलिंडर यंत्राला कसा जोडला आहे यावरही अवलंबून असते. पुढे एकच सिलिंडर घेऊन, त्याचे माउंटिंग बदलत, त्याची मर्यादा टप्प्याटप्प्याने काढली आहे.

उदाहरणातील सिलिंडरचा बोअर ८० मिमी, रॉड ४५ मिमी, स्ट्रोक १५०० मिमी आणि बॅरलचा बाहेरचा व्यास ९५ मिमी आहे. पॉवर पॅकचा रिलीफ व्हॉल्व्ह १६० बारवर लावलेला आहे. मागे क्लेव्हिस व पिन, पुढे रॉडच्या टोकाला आय व पिन, अशी जोडणी आहे. रॉड पूर्ण बाहेर असताना मागच्या पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत ३३०० मिमी अंतर भरते.

पहिला टप्पा: रॉडवर खरोखर येणारा भार ठरवणे

येथे गाठीला लागणारा अंदाजे जोर न धरता रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबावर उघडतो त्या दाबाचा जोर धरावा, कारण माल अडकला, रॉडच्या टोकाची माल दाबणारी पट्टी तिरकी झाली किंवा पेटीत लोखंडाचा तुकडा आला तर पंप दाब तिथपर्यंत नेणारच. ८० मिमी बोअरचे क्षेत्रफळ ५०२७ चौ. मिमी आहे. १६० बार म्हणजे १६ न्यूटन प्रति चौ. मिमी. म्हणून जोर ८०.४ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८ टन येतो.

हा जोर रॉडच्या कोणत्या स्थितीत येतो, हेही पाहिले पाहिजे. पिस्टन स्ट्रोकच्या अगदी शेवटी जाऊन, रॉड जिथून बाहेर येतो त्या ग्लँडला टेकला की तेलाचा दाब पिस्टनमार्फत ग्लँडवर आणि तिथून बॅरलवर जातो आणि रॉडवर दाबाचा भार उरत नाही. त्यामुळे सर्वांत धोक्याची जागा स्ट्रोकच्या टोकाच्या थोडी अलीकडे असते: रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर आहे, समोर माल घट्ट झाला आहे आणि पिस्टन अजून टेकलेला नाही. गाठ बांधण्याच्या यंत्रात सर्वाधिक विरोध नेमका याच स्थितीत असतो, म्हणून येथे पूर्ण लांबी धरूनच हिशेब करणे योग्य. ज्या यंत्रात मोठा भार स्ट्रोकच्या सुरुवातीला येतो आणि पुढे कमी होत जातो, तिथे दोन-तीन स्थिती वेगवेगळ्या तपासाव्यात.

दुसरा टप्पा: ऑयलरचे सूत्र लावणे

सडपातळ स्तंभ कोणत्या भारावर बाजूला सरकून बाकतो, याचे सूत्र ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दिले. सिलिंडरसाठी आजही सुरुवात तिथूनच होते.

```
F = π² · E · I / (k · L)²
I = π · d⁴ / 64
```

येथे F हा क्रांतिक भार, E पोलादाचा यंग मॉड्युलस (२,१०,००० न्यूटन प्रति चौ. मिमी), d रॉडचा व्यास आणि I त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया आहे. L म्हणजे रॉड बाहेर असताना दोन आधारांमधले अंतर. त्या आधारांचा स्वभाव k या गुणकातून हिशेबात येतो. दोन्ही टोके पिनवर फिरती असतील तर k = १. एक टोक पक्के आणि दुसरे पिनवर पण बाजूला सरकू न शकणारे असेल तर ०.७, आणि दोन्ही पक्की असतील तर ०.५ धरतात. एक टोक पक्के व दुसरे पूर्ण मोकळे असेल तर k = २. प्रभावी लांबीचा वर्ग होत असल्याने k एकवरून दोनवर गेला की मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येते.

४५ मिमी रॉडसाठी I जवळपास २,०१,३०० मिमी⁴ येतो. आपल्या दोन-पिनांच्या जोडणीत k = १ आणि L = ३३०० मिमी आहे. म्हणून क्रांतिक भार ३८.३ किलोन्यूटन, म्हणजे पिस्टनवर ७६ बार दाबाइतका. नवा, सरळ आणि निर्दोष रॉडसुद्धा या साध्या हिशेबाने ७६ बारला बाकतो आणि यंत्राचा रिलीफ व्हॉल्व्ह मात्र १६० बारवर आहे.

शिवाय क्रांतिक भारापर्यंत जायचे नसते. सिलिंडर उत्पादकांच्या हिशेबात साधारणपणे ३.५ चा सुरक्षा गुणांक असतो आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक रॉडला सुरुवातीपासून थोडा बाक असतोच. भार वाढतो तसा हा बाक सरळ प्रमाणात न वाढता झपाट्याने फुगतो. क्रांतिक भाराला ३.५ ने भागून येणाऱ्या भाराला मूळचा बाक १.४ पट होतो, निम्म्या भाराला दुप्पट, आणि ८० टक्के भाराला पाचपट होतो. बाक वाढला की ग्लँडच्या बुशवर व सीलवर बाजूचा भार येतो, ते झिजतात, आणि झिजल्यामुळे बाक आणखी वाढायला जागा मिळते. ३.५ गुणांक धरला की आपण या वाढीच्या आलेखाच्या सपाट भागात राहतो. त्याने भागल्यावर आपल्या सिलिंडरला परवानगी १०.९ किलोन्यूटनची, म्हणजे सुमारे २२ बारची मिळते.

तिसरा टप्पा: बॅरलच्या कडकपणाला श्रेय द्यावे का

या आकड्यावर अनुभवी फिटर लगेच हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. आपण पूर्ण ३३०० मिमी लांबी ४५ मिमीच्या रॉडची धरली, पण त्यातली निम्मी लांबी बॅरलची आहे. ९५ मिमी बाहेरचा आणि ८० मिमी आतला व्यास असलेल्या नळीचा I रॉडच्या जवळपास दहापट येतो. म्हणून साधा हिशेब कमीच मर्यादा दाखवतो.

किती कमी, हे तपासता येते. बॅरल मुळीच न वाकणारा आहे आणि बॅरल व रॉड यांचा सांधा एकसंध आहे, असे सिलिंडरच्या बाजूने जितके उदार होता येईल तितके होऊन धरू. निम्मी लांबी पूर्ण कडक आणि निम्मी ४५ मिमी रॉडची, दोन्ही टोके पिनवर, अशी मांडणी सोडवल्यास क्रांतिक भार सुमारे ६४ किलोन्यूटन, म्हणजे १२७ बार येतो. ही वरची मर्यादा आहे, कारण खरा बॅरल थोडा वाकतो आणि खरा सांधा एकसंध नसतो. तरीही ती १६० बारच्या खालीच आहे. म्हणजे उदार हिशेबातही ही जोडणी नापास होते.

बदलत्या जाडीचा स्तंभ आणि स्वतःचे वजन धरून मर्यादा काढण्याची पद्धत ISO/TS 13725 या तांत्रिक विनिर्देशात दिलेली आहे. पूर्ण लांबीभर रॉडचाच व्यास धरणारा हिशेब पास होत असेल तर त्या पद्धतीची गरज पडत नाही. तो थोडक्यात नापास होत असेल तेव्हा ती वापरावी. आपल्या उदाहरणाइतका मोठा फरक असेल तर मात्र माउंटिंग किंवा व्यास बदलण्याकडेच वळावे.

सांध्यातल्या खेळाचाही अंदाज घेऊ. पिस्टनचा वेअर रिंग आणि ग्लँडचे बुश यांच्यात १०० मिमी अंतर असेल आणि दोहोंत मिळून ०.२ मिमी खेळ असेल, तर रॉड बॅरलच्या रेषेपासून मीटरला २ मिमी तिरका उभा राहू शकतो. दोन-पिनांच्या या जोडणीत त्यामुळे मधला सांधा भार येण्याआधीच सुमारे १.६ मिमी बाजूला असतो. सिलिंडर आडवा असल्याने रॉड व बॅरलच्या वजनाचा झोळ यात भर घालतो आणि मध्य खाली बसतो. पिस्टन व ग्लँडच्या मध्ये १०० मिमीची स्टॉप ट्यूब घातली तर दोन आधारांचे अंतर दुप्पट होते आणि तिरकेपणा निम्मा राहतो, पण तोच स्ट्रोक मिळवण्यासाठी सिलिंडर १०० मिमी लांब होतो आणि ऑयलरची मर्यादा सुमारे ६ टक्के घटते. त्यामुळे स्टॉप ट्यूब ग्लँड वाचवण्यासाठी घालावी. तिच्याने बाकाची मर्यादा वाढत नाही.

चौथा टप्पा: तोच सिलिंडर, पुढच्या फ्लँजवर

आता बोअर, रॉड आणि दाब तोच ठेवून सिलिंडर मागच्या पिनऐवजी ग्लँडच्या बाजूच्या फ्लँजवर बसवू. बाकाची लांबी आता फ्लँजपासून रॉडच्या पिनपर्यंतच मोजायची: १५०० मिमी स्ट्रोक आणि पुढे निघालेला १२० मिमी रॉड, मिळून १६२० मिमी. फ्लँजमागचा बॅरल बाकाच्या हिशेबातून बाहेर गेला. फ्लँज पक्का आणि रॉडचे पुढचे टोक गाईडमध्ये धावणाऱ्या पट्टीला पिनने जोडलेले असेल तर k = ०.७, म्हणजे प्रभावी लांबी ११३४ मिमी.

ऑयलरने क्रांतिक भार सुमारे ३२४ किलोन्यूटन येतो, मात्र येथे एक तपासणी लागते. प्रभावी लांबीला रॉडच्या व्यासाच्या चौथ्या भागाने भागले की स्लेंडरनेस रेशो मिळतो, आणि तो येथे जवळपास १०१ आहे. नेहमीच्या ईएन-८ रॉडची यील्ड स्ट्रेंग्थ ३०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली तर हा रेशो ११७ च्या खाली गेल्यावर ऑयलर जास्त आकडा सांगू लागतो, कारण धातू बाक येण्याआधीच यील्ड होऊ लागतो. अशा वेळी जॉन्सनचे सूत्र लावतात.

```
σ = Sy − Sy² · λ² / (4 · π² · E)
```

येथे σ हा क्रांतिक ताण, Sy यील्ड स्ट्रेंग्थ आणि λ स्लेंडरनेस रेशो आहे. त्याने सुमारे १९० न्यूटन प्रति चौ. मिमी ताण, म्हणजे ३०२ किलोन्यूटन क्रांतिक भार मिळतो. ३.५ ने भागल्यावर परवानगी ८६ किलोन्यूटन, अर्थात १७१ बार. जो सिलिंडर दोन पिनांवर २२ बारला अडत होता, तोच येथे १६० बारला पास होतो.

हा निकाल दोन गृहीतकांवर उभा आहे, आणि प्रत्यक्षात गफलत होते ती याच दोन ठिकाणी.

पहिले गृहीतक फ्लँज पक्का असण्याचे. फ्लँज ज्या प्लेटला बोल्ट केला आहे ती पातळ असेल किंवा तिच्या मागे रिब नसतील तर रॉड बाकू लागताच प्लेट त्याच्याबरोबर थोडी वळते. मग तो आधार पिनच्या जवळचा होतो आणि k ०.७ वरून एककडे सरकतो. k = १ धरल्यास क्रांतिक भार १५९ किलोन्यूटन आणि परवानगी फक्त ९० बार उरते. फ्लँज प्लेटच्या कोणत्या बाजूला बसवला हेही पाहावे. रॉड पुढे ढकलतो तेव्हा सिलिंडर मागे सरकू पाहतो, त्यामुळे बॅरल प्लेटच्या भोकातून मागे जाऊ देऊन फ्लँज प्लेटच्या पुढच्या, म्हणजे मालाच्या बाजूला ठेवावा. मग ढकलण्याचा सगळा जोर प्लेटवर टेकतो आणि बोल्टांवर फक्त परतीचा ओढ येतो. उलट बसवल्यास प्रत्येक गाठीला बोल्ट ताणले जातात, सैल होतात, आणि पक्का समजलेला आधार काही काळाने पक्का राहत नाही.

दुसरे गृहीतक पट्टी गाईडमध्ये घट्ट धावण्याचे. रॉडचे टोक बाजूला सरकू शकत असेल तर पुढच्या फ्लँजवरही k = २ होतो, प्रभावी लांबी ३२४० मिमी होते आणि परवानगी २३ बारवर येते. म्हणजे फ्लँजवर केलेला सगळा खर्च वाया जाऊन आपण दोन-पिनांच्या आकड्याशी परत येतो. भंगाराच्या कामात गाईडच्या पट्ट्या वाळू, काच आणि तारांनी झिजतात, आणि गाईडमधला खेळ वाढत गेला की k गुपचूप वाढत जातो. म्हणून गाईडची झीज मोजणे हा रॉडच्याच देखभालीचा भाग समजावा.

मागच्या फ्लँजचे चित्र वेगळे आहे. तिथे आधार पक्का असला तरी L पुन्हा ३३०० मिमी होते. पट्टी गाईडमध्ये असेल तर परवानगी सुमारे ४४ बार. ती मोकळी असेल तर ५ बारच्या आसपास. लांब स्ट्रोकने ढकलण्याच्या कामात मागचा फ्लँज शक्यतो टाळावा, असे माझे मत आहे.

ट्रनियन, म्हणजे बॅरलच्या दोन बाजूंच्या खुंट्यांवर सिलिंडर झुलता ठेवणारी जोडणी, या दोहोंच्या मध्ये पडतो. तो ग्लँडजवळ लावून पिनपर्यंत १७०० मिमी अंतर राहिले, तर k = १ ने परवानगी ८२ बार येते आणि सिलिंडरला एका पातळीत झुलण्याची मोकळीकही राहते. ट्रनियन वा क्लेव्हिसच्या पिनच्या आडव्या दिशेला, म्हणजे पिनच्या अक्षाच्या रेषेत, सांधा काहीसा पक्का असतो, पण रॉड नेहमी सर्वांत कमकुवत पातळीत बाकतो, म्हणून त्या पक्केपणाचे श्रेय घेऊ नये.

पाचवा टप्पा: व्यास बदलायचा का

मजबूत पोलाद घेतल्याने लांब रॉडचा प्रश्न सुटत नाही. ऑयलरच्या सूत्रात धातूची ताकद येत नाही, फक्त E येतो, आणि ईएन-८ असो की ईएन-१९, तो जवळपास सारखाच असतो. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोणत्याही वितरकाकडे महागडा हार्ड क्रोम रॉड घेण्याआधी हे ध्यानात असावे. रॉड आखूड असेल आणि जॉन्सनचे सूत्र लागू होत असेल तरच यील्ड स्ट्रेंग्थचा उपयोग दिसतो.

व्यासाचा परिणाम मात्र चौथ्या घाताने होतो. ४५ ऐवजी ५६ मिमी रॉड घेतला तर मर्यादा २.४ पट होते. दोन पिनांवर तोही ५२ बारलाच थांबतो. दोन पिनांवर १६० बार पेलण्यासाठी रॉड किती हवा, हा उलटा हिशेब केला तर ७४ मिमी येतो, आणि ८० मिमी बोअरमध्ये तो व्यवहार्य नाही. तोच ५६ मिमी रॉड पुढच्या फ्लँजवर, पट्टी गाईडमध्ये ठेवून पण प्लेटवर पूर्ण भरवसा न ठेवता k = १ धरून तपासला, तर परवानगी सुमारे २१६ बार येते.

म्हणून या यंत्रासाठी मी ५६ मिमी रॉड व पुढचा फ्लँज निवडेन. ४५ मिमी रॉड फ्लँजवर कागदोपत्री पास होत असला तरी त्याचे पास होणे प्लेटच्या कडकपणावर टांगलेले आहे आणि तो कडकपणा सहसा कोणी मोजत नाही. जाड रॉडमुळे परतीच्या बाजूचे क्षेत्रफळ २५६४ चौ. मिमी उरते. परतीचा जोर कमी होतो आणि परतीचा वेग वाढतो, जे या कामात सोयीचेच आहे. फक्त परतीच्या वेळी बोअरच्या बाजूने टाकीकडे जाणाऱ्या तेलाचा प्रवाह पंपाच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणून ती नळी व व्हॉल्व्ह पुरेसे मोठे आहेत का ते पाहावे.

बदल होईपर्यंत यंत्र चालवावेच लागणार असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह खाली आणणे किंवा यांत्रिक थांबा लावून स्ट्रोक कमी करणे हे दोनच खरे उपाय आहेत. दोन-पिनांच्या जोडणीत स्ट्रोक कमी केल्याने L तेवढीच घटते, त्यामुळे दाब कमी करण्याचा उपाय अधिक भरवशाचा ठरतो.

सहावा टप्पा: बसवलेल्या सिलिंडरची मर्यादा मोजणे

बसवलेल्या सिलिंडरवर बाक सुरू झाल्याच्या खुणा आधी ग्लँडवर दिसतात. क्रोमवर एकाच बाजूला लांबट मंद पट्टा पडतो, वायपरच्या एकाच अंगाने तेल पाझरते, आणि बुश काढून मोजल्यास ते लंबवर्तुळ झालेले असते. रॉड काढून व्ही-ब्लॉकवर फिरवला आणि डायल गेजने पाहिले तर काट्याचा एकूण फेर हा खऱ्या बाकाच्या दुप्पट असतो. वाकलेला रॉड प्रेसखाली सरळ करून पुन्हा बसवू नये, कारण क्रोमला सूक्ष्म भेगा पडतात आणि सील तिथेच फाटतो.

रॉड न मोडता त्याची खरी मर्यादा अजमावण्याची साउथवेल यांची पद्धत येथे कामी येते. पट्टी पूर्ण बाहेरच्या स्थितीच्या जरा अलीकडे भक्कम ठोकळ्यावर टेकवावी. आधी १० बार देऊन पिना व सांध्यांतला सैलपणा काढून घ्यावा, मग दाब शून्यावर आणून ग्लँडजवळ रॉडच्या बाजूला, चुंबकी स्टँडवर डायल गेज लावून शून्य करावा. मग दाब हळूहळू वाढवत प्रत्येक पायरीला रॉड किती सरकला ते नोंदवावे. माणसांनी यंत्रापासून दूर राहावे, आणि वाचन एकाएकी वाढू लागले तर दाब ताबडतोब सोडावा. समजा २० बारला ०.६० मिमी आणि ३० बारला १.०० मिमी सरकणे मिळाले. प्रत्येक सरकण्याला त्याच्या दाबाने भागल्यास ०.०३०० आणि ०.०३३३ मिळतात. सरकण्यातील फरक ०.४०, भागाकारांतील फरक ०.००३३३, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागल्यावर १२० बार. हा या जोडणीचा क्रांतिक दाब, आणि ३.५ ने भागून परवानगीचा दाब सुमारे ३४ बार.

दोन वाचनांवर विसंबू नये, कारण डायलमधली शंभरांश मिलिमीटरची चूकही उत्तर बरेच हलवते. पाच-सहा पायऱ्यांची वाचने घेऊन, आडव्या अक्षावर सरकणे आणि उभ्या अक्षावर सरकणे भागिले दाब असा आलेख काढावा. बिंदू सरळ रेषेत पडले तर त्या रेषेच्या चढाचा व्यस्त म्हणजे क्रांतिक दाब. बिंदू रेषेत न पडता वळत असतील तर सांध्यातला सैलपणा अजून निघालेला नाही किंवा आधार देणारी प्लेट स्वतः हलते आहे, आणि अशा वेळी दुसरा डायल फ्लँजच्या किंवा मागच्या पिनच्या प्लेटवर लावून चाचणी पुन्हा घ्यावी.